नाशिकच्या थंडीसाठी थर्मल आणि मोजे: मेरिनो, सुती की सिंथेटिक?

डिसेंबर उजाडला की आमच्या होजिअरीच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक पहिलं वाक्य ठरलेलं बोलतं, "दादा, जाडातलं जाड दाखवा." मी आधी उलट विचारतो, घालणारा माणूस पहाटे काय करतो? तो गाडीवर असतो, शेतात असतो की घरात बसून असतो? त्याला घाम येतो का, आणि घाम आल्यावर तो किती वेळ एका जागी थांबतो? थर्मल सुती घ्यायचं, मेरिनो घ्यायचं की सिंथेटिक, हे या उत्तरांवरून ठरतं. जाडीचा नंबर त्यानंतर लागतो.

याला कारण इथली थंडीच आहे. हिवाळ्यात आपल्याकडे आकाश निरभ्र असतं आणि हवा कोरडी, त्यामुळे जमीन रात्रभर उष्णता वर सोडत राहते आणि पारा सूर्योदयाच्या सुमारास सगळ्यात खाली जातो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचे निफाडचे आकडे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. थंडीच्या लाटेत ते पाच-सहा अंशांच्याही खाली उतरतात. दुपारी मात्र त्याच गावात सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं ऊन असतं. म्हणजे एका दिवसात वीस अंशांचा फरक पडतो. मनाली-काश्मीरसाठी बनवलेलं जाड थर्मल पहाटे सुखाचं वाटतं, पण कामाला लागलं की साडेआठ-नऊपर्यंत आतून भिजतं. मग सावलीत दोन मिनिटं थांबलं तरी हुडहुडी भरते. नाशिकमध्ये थंडी वाजते ती बऱ्याचदा या ओल्या कपड्यामुळे.

ओलं कापड गारठवतं कसं

थर्मल स्वतः उष्णता तयार करत नाही. त्याच्या वीणीत हवा अडकते, ती हलत नाही आणि अंगाची ऊब बाहेर पळू देत नाही. या हवेच्या जागी पाणी शिरलं की खेळ बिघडतो, कारण पाणी स्थिर हवेच्या साधारण पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय ते पाणी सुकायला लागणारी उष्णताही तुमच्याच अंगातून जाते. म्हणून घाम आल्यावर कापड पाण्याचं काय करतं, हा खरा फरक आहे. तिन्ही प्रकार तिथेच एकमेकांपासून वेगळे होतात.

सुती धागा पाणी स्वतःमध्ये शोषून घेतो आणि सहज सोडत नाही. भिजल्यावर त्याची वीण चपटी होऊन अंगाला चिकटते आणि मधली हवा निघून जाते. कोरडं असेपर्यंत सुती थर्मल उत्तमच असतं. ते मऊ असतं, टोचत नाही, धुवायला सोपं आणि खिशाला परवडणारं असतं. घाम न येणाऱ्या माणसासाठी त्याला नावं ठेवायचं काही कारण नाही.

मेरिनो ही मेरिनो जातीच्या मेंढीची बारीक लोकर. आपल्या घोंगडीच्या लोकरीचे धागे जाड आणि ताठ असतात. धाग्याची टोकं साधारण तीस मायक्रॉनपेक्षा जाड असली की कातडीला टोचतात. अंगालगतच्या कपड्यात वापरलेली मेरिनो सतरा ते एकोणीस-वीस मायक्रॉनची असते, म्हणून बहुतेकांना ती टोचत नाही. तिचा मोठा गुण असा की घाम वाफ असतानाच ती त्याला धाग्याच्या पोटात घेते. स्वतःच्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पोटात असला तरी हाताला ती ओली लागत नाही, कारण धाग्याचा पृष्ठभाग पाणी झटकणारा असतो. धागा नैसर्गिकरीत्या कुरळा असल्यामुळे ओलावा आला तरी वीण पूर्ण बसत नाही आणि हवा टिकून राहते. तीन-चार दिवस घातली तरी वासही फारसा मारत नाही.

तिच्या मर्यादाही खऱ्या आहेत. चिंब भिजली तर ती पॉलिस्टरपेक्षा हळू वाळते. पातळ मेरिनो नाजूक असते, बेल्टचं बक्कल किंवा पाठीवरच्या सॅकचा पट्टा घासून तिला बारीक भोकं पडतात. तिला कसर लागते. आणि साध्या सुती थर्मलच्या चार-पाचपट पैसे मोजावे लागतात.

सिंथेटिकमध्ये मुख्यतः पॉलिस्टर असतं. त्याचा धागा पाणी जवळजवळ घेतच नाही, स्वतःच्या वजनाच्या एक टक्कासुद्धा नाही. घाम धाग्यांच्या मधल्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि तिथून उडून जातो. म्हणून ते सगळ्यात लवकर वाळतं, आणि रोज धुऊन रोज घालायचं असेल तर त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. दिवसभरात वास मात्र पकडतं आणि तो वास धुऊनही पूर्ण जात नाही.

नाशिककरांनी सिंथेटिकबद्दल आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपल्याकडे थंडीत शेकोटी असते, द्राक्षबागेत तर मणी थंडीने तडकू नयेत म्हणून मुद्दाम जाळ करतात. पॉलिस्टर, नायलॉन आणि अ‍ॅक्रिलिक ठिणगीने वितळतं, आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून खोल भाजतो. लोकर वितळत नाही आणि सहजासहजी पेटही घेत नाही. जाळाजवळ राहणाऱ्या माणसाचा बाहेरचा थर सिंथेटिक असू नये. थर्मल सिंथेटिक असेल तर त्यावर जाड सुती पँट-शर्ट हवाच.

लेबल वाचा, पुड्यावरचं नाव नंतर

दुकानात पाय ठेवल्यावर पहिलं काम म्हणजे कपड्याच्या शिवणीत शिवलेली पट्टी शोधणं. खोक्यावर "थर्मो", "अल्ट्रा", "वूलन फील" असं काहीही लिहिलेलं असतं. टक्केवारी पट्टीवर असते.

बाजारात मिळणारा बराचसा माल चार प्रकारांत बसतो. पहिला, सुती-पॉलिस्टर मिश्रण. यातच ते चौकडीच्या टाक्यांचं क्विल्टेड थर्मल येतं. त्यात दोन सुती थरांच्या मध्ये पॉलिस्टरचा भर असतो. बसल्या जागी ते छान उबदार असतं, पण एकदा भिजलं की वाळायला फार वेळ घेतं. दुसरा, अ‍ॅक्रिलिक, व्हिस्कोस आणि थोडं इलॅस्टेन, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा. हे पातळ, अंगासरशी बसणारं असतं आणि ऑफिसच्या कपड्यांखाली दिसत नाही. यात व्हिस्कोसचा आकडा बघा, कारण व्हिस्कोस सुतापेक्षाही जास्त पाणी पितं. "बांबू थर्मल" म्हणून जे विकतात ते बहुतेक वेळा व्हिस्कोसच असतं. तिसरा, आतून मऊ केस काढलेलं पॉलिस्टर-इलॅस्टेन. चौथा, मेरिनो, निखळ किंवा मिश्र.

मिश्र मेरिनो घेताना टक्केवारी काटेकोर तपासा. पुड्यावर ठळक "मेरिनो ब्लेंड" आणि पट्टीवर 8 टक्के लोकर, असा माल मी पाहिलेला आहे. एवढ्या लोकरीने कापडाचा स्वभाव बदलत नाही, बदलते ती फक्त किंमत. माझ्या मते निम्म्याहून कमी लोकर असेल तर मेरिनोचे पैसे देऊ नयेत. उलट 80 टक्के मेरिनो आणि 20 टक्के नायलॉन हे मिश्रण रोजच्या वापराला निखळ मेरिनोपेक्षा जास्त टिकतं, ते खुशाल घ्या.

शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये किंवा मेन रोडवर "वूलन" म्हणून मागितलं की पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक हातात पडतं. स्वेटर म्हणून अ‍ॅक्रिलिक काही वाईट नाही, ऊब देतं आणि धुवायला सोपं असतं. फक्त त्याला लोकरीचा भाव देऊ नये. शंका असेल तर घरी नेल्यावर आतल्या शिवणीतून एक धागा काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर काडी लावा. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, काडी बाजूला केली की ती विझते आणि राख चिमटीत चुरडते. सूत कागदासारखं जळत जातं आणि करडी राख राहते. पॉलिस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक आक्रसून वितळतं आणि गार झाल्यावर त्याची कडक गाठ होते. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा एकत्र दिसतात, तेव्हा या परीक्षेने टक्केवारी कळणार नाही. "लोकर आहे की नाही" एवढंच कळेल.

वजन आणि माप

जाडीचा हिशोब जीएसएममध्ये असतो, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. मेरिनोत दीडशेच्या आसपास म्हणजे पातळ, 180 ते 200 मध्यम, आणि 250 च्या पुढे जाड. नाशिक जिल्ह्यासाठी दीडशे ते दोनशे पुरेसं आहे. 250 चं कापड फक्त बसून राहणाऱ्यासाठी किंवा हिमालयात जाणाऱ्यासाठी घ्यावं. आपल्याकडे ते सकाळी नऊनंतर अंगावर ठेववत नाही. पट्टीवर जीएसएम लिहिलेलं नसेल तर कापड एका हातावर ताणून उजेडाकडे धरा. बोटांची आकृती स्पष्ट दिसली तर ते पातळ समजा, नुसती सावली दिसली तर मध्यम.

मापाच्या बाबतीत लोक एक नंबर मोठा मागतात, "आटलं तर?" म्हणून. थर्मल अंगाला टेकलेलं असावं. ढगळ राहिलं तर हालचालीबरोबर आतली गरम हवा गळ्यातून आणि कमरेतून बाहेर फेकली जाते, शिवाय कापड कातडीला न टेकल्याने घामही उचलला जात नाही. घालून बघता येत असेल तर तीन गोष्टी करा. दोन्ही हात डोक्यावर न्या, खालची कड कमरेच्या वर सरकायला नको. उकिडवे बसा, गुडघ्यात आणि मागे ताण यायला नको. आणि काखेतली शिवण बोटाने चाचपा, ती चपटी असावी. उंच शिवण दिवसभरात कातडी सोलते, विशेषतः गाडी चालवणाऱ्याची.

सुती घेताना मात्र थोडी मोकळीक ठेवा, पहिल्या दोन-तीन धुण्यांत ते आटतं.

घरात साधा स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर दोन थर्मलची खरी तुलना करता येते. कोरडं असताना वजन करा, भिजवा, दाबून जमेल तेवढं पाणी काढा आणि पुन्हा वजन करा. मग दोन्ही सावलीत एकाच दोरीवर टाकून दोन तासांनी तिसऱ्यांदा वजन करा. कोणी किती पाणी धरलं आणि किती सोडलं ते समोर येतं. एक-एक जोड घेऊन ही परीक्षा केली तर बाकीचे जोड घेताना चूक होत नाही.

मोजे

लोक थर्मलवर तीन हजार घालतात आणि मोजे रस्त्यावरून शंभराला तीन घेतात. खरं तर पायाला घाम अंगापेक्षा जास्त अडचणीचा असतो, कारण बुटात तो उडून जायला जागाच नसते. म्हणून सुती मोजा हा थंडीतला सगळ्यात कच्चा दुवा आहे. घरात चपलेवर तो चालेल, बंद बुटात किंवा गमबुटात नको.

निखळ लोकरीचा मोजा टाचेला लवकर फाटतो. चांगल्या मोज्यात साठ-सत्तर टक्के मेरिनो, पंचवीस-तीस टक्के नायलॉन आणि दोन-चार टक्के इलॅस्टेन असतं. लोकर ऊब सांभाळते, नायलॉन झिजू देत नाही आणि इलॅस्टेन मोजा जागेवर धरतो. घेताना मोजा उलटा करा. तळव्याला आणि टाचेला टॉवेलसारखे बारीक फासे दिसले पाहिजेत, हवा त्यांच्यात अडकते. नुसता जाड वाटणारा पण आतून सपाट मोजा तेवढी ऊब देत नाही. बोटांवरची शिवण दोन बोटांत धरून बघा. दोरीसारखी लागली तर बंद बुटात दोन तासांनी ती करंगळीला बोचायला लागेल. टाचेचा खळगा तुमच्या टाचेवर बसायला हवा. "फ्री साइज" मोज्यात छोट्या पायाला तो घोट्यावर चढतो आणि तळव्याखाली कापड गोळा होतं.

दोन मोजे एकावर एक घालून पाय जास्त गार पडणं ही नेहमीची तक्रार आहे. बूट घट्ट झाला की दोन गोष्टी होतात. मोज्यातली हवा दाबली जाते आणि पायाचा रक्तपुरवठा कमी होतो. बूट बांधल्यावर पाचही बोटं हलवता आली पाहिजेत. हलत नसतील तर एकच मोजा ठेवा. गमबूट जाड मोज्यासाठी घ्यायचे असतील तर मोजे घालूनच माप बघा.

मोजा काढल्यावर पिंडरीवर खोल वळ उमटत असेल तर त्याचं रबर घट्ट आहे. घरात मधुमेही माणूस असेल तर ढिल्या काठाचेच मोजे घ्या, आणि ते रोज काढून पाय डोळ्यांनी तपासा, कारण पायाची जाणीव कमी झालेली असली तर बोचणं किंवा घासणं कळत नाही. गार-ओलसर पाय राहून बोटं लाल-निळसर झाली, सुजली, खाजायला लागली तर ती शेकोटीजवळ धरू नका. पाय कोरडे करून हळूहळू ऊब द्या. पुन्हा पुन्हा होत असेल किंवा कातडी फुटली असेल तर डॉक्टरांना दाखवा.

निफाडच्या एका रात्रीचा हिशोब

माझा आतेभाऊ निफाड तालुक्यात शेती करतो, द्राक्ष आणि त्याच्या शेजारी गहू-कांदा. थंडीत त्याच्या भागात आठवड्यातले काही दिवस शेतीची लाईट रात्रीची असते. दहाला येते आणि पहाटे सहापर्यंत राहते. त्या वेळात त्याला गव्हाची दारं धरावी लागतात. फावड्याने माती ओढून एका वाफ्याचं पाणी दुसऱ्यात वळवायचं, मग वाफा भरेपर्यंत बांधावर उभं राहायचं, आणि पुन्हा फावडं. म्हणजे पाच मिनिटं घाम, वीस मिनिटं गारठा. पहाटेकडे दहिवर पडतं आणि गव्हातून चालताना पँट मांडीपर्यंत ओली होते. तो दुकानात आला तेव्हा म्हणाला, "स्वेटरवर स्वेटर घालतो, तरी चार वाजता दात वाजतात."

त्याच्या अंगावर होतं काय? सुती बनियन, त्यावर क्विल्टेड सुती थर्मल आणि वर दोन अ‍ॅक्रिलिकचे स्वेटर. बनियन आणि थर्मल दोन्ही पहिल्याच दोन वाफ्यांत ओले होत होते आणि सकाळपर्यंत वाळत नव्हते. वरच्या स्वेटरची वीण मोकळी असल्याने वारा आत शिरत होता. पायात सुती मोजे आणि गमबूट.

बजेट पाच हजार होतं. अंगावरच्या थराला सगळ्यात मोठा वाटा दिला. लांब बाह्यांचं, गळ्याला चेन असलेलं, दोनशेच्या आतल्या जीएसएमचं मेरिनो तीन हजारांना पडलं. घाम आणि थांबणं आलटून-पालटून असेल तिथे मेरिनोचा पैसा वसूल होतो, आणि बांधावर शेकोटी पेटलेली असते हेही मनात होतं. गळ्याची चेन त्याच्यासाठी महत्त्वाची होती. फावडं हातात घेताना ती उघडायची आणि उभं राहिलं की लावायची, म्हणजे घाम मुळातच कमी येतो.

खाली मेरिनो घेतलं नाही. दहिवराने पाय भिजणारच, तिथे लवकर वाळणारं कापड उपयोगी. म्हणून सातशे रुपयांचं पातळ पॉलिस्टर-इलॅस्टेनचं लोअर घेतलं, वरून त्याची नेहमीची जाड सुती पँट आणि गव्हात शिरताना त्यावर रेनकोटची पँट. ठिणगीपासून राखायला सुती पँट आहे. फक्त रेनकोटची पँट शेकोटीकडे जाण्याआधी काढायची, हे त्याला दोनदा सांगितलं. मोज्यांचे दोन जोड, मेरिनो-नायलॉनचे, पाचशेला एक. एकूण 4,700 झाले.

दुसरा जोड मोजे धुण्याची सोय म्हणून दिलेला नाही. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जॅकेटच्या खिशात ठेवायचा आणि दोन-अडीचच्या सुमारास, पहिला जोड घामाने ओलसर झाला की बदलायचा. गमबुटाची आतली बाजू तेव्हाच जुन्या फडक्याने पुसून घ्यायची. या एका बदलाने पहाटेचे तीन तास वेगळे जातात.

स्वेटर त्याने एकच ठेवला आणि त्यावर घरातलं जुनं विंडचीटर. काम करताना ते कमरेला बांधायचं, उभं राहिलं की चढवायचं. शेकोटीच्या ठिणग्यांपासून मात्र दोन्ही लांब ठेवायचे. घरातून निघताना किंचित गार वाटलं पाहिजे. दारातच गरम वाटत असेल तर एक थर जास्त आहे, आणि पहिल्याच वाफ्याला तो भिजणार. जुनं सुती बनियन आत घालायचं नाही, हे त्याला पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मेरिनोच्या आत सुती बनियन घातलं की घाम बनियनमध्येच अडकतो आणि मेरिनोचे पैसे पाण्यात जातात.

पुढच्या खेपेला तो आला तेव्हा छातीत गारठा शिरत नाही म्हणाला, पण मांड्या अजून गार पडत होत्या. रेनकोटच्या पँटमध्ये आतून घाम साचत होता. त्यावर उपाय म्हणजे ती फक्त दहिवराच्या वेळी, चारनंतर चढवायची आणि बांधावर आलं की खालच्या कडा मोकळ्या सोडायच्या.

गाडीवरचे आणि घरातले

सातपूर-अंबडला पहिल्या शिफ्टला जाणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांना घाम नाही, वारा आहे. आठ अंश तापमानात ताशी चाळीसच्या वेगाने गाडी चालवली तर उघड्या कातडीला तीन अंशांसारखी थंडी लागते. थर्मल कोणतंही असो, विणलेल्या कापडातून वारा आरपार जातो. म्हणून यांनी महाग थर्मल घेण्याआधी बाहेरचा थर वाऱ्याला अडवणारा करावा. आत पातळ सिंथेटिक किंवा अ‍ॅक्रिलिक मिश्रण पुरतं. लोअर तर शक्यतो नकोच, कारण शॉप फ्लोअरवर ते काढायला जागा नसते आणि दुपारपर्यंत चिडचिड होते. पँटवर रेनकोटची पँट चढवा आणि पार्किंगमध्ये काढून डिकीत टाका. हिवाळ्यात तो रेनकोट कपाटात नुसता पडून असतो.

घरात पहाटे उठून पूजा आणि चहा करणाऱ्या आजी-आजोबांना सुती किंवा सुतीप्रधान थर्मलच द्या. त्यांना घाम येत नाही, कातडी कोरडी आणि नाजूक असते, आणि कपडा रोज धुतला जातो. दोन महागांपेक्षा तीन स्वस्त जोड बरे. लहान मुलांनाही सुती चालतं, पण शाळेच्या मैदानावरून आल्यावर मानेखाली हात घालून बघा. ओलं असेल तर लगेच बदला.

धुणं आणि ठेवणं

मेरिनोची लोकर आटते ती गरम पाणी आणि घासणं एकत्र आल्यावर. धाग्यावरचे बारीक खवले एकमेकांत अडकतात आणि कापड कायमचं दाटून बसतं, ते परत सैल होत नाही. साध्या पाण्यात लोकरीसाठीचं द्रव डिटर्जंट घाला. नेहमीच्या पावडरींमध्ये डाग काढणारी एन्झाइम्स असतात, त्यांतली प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स लोकरीलाही खातात, कारण लोकर प्रथिनंच आहे. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवं पसरा. दोरीवर टांगलं तर पाण्याच्या वजनाने लांबतं. रोज धुण्याची गरज नाही, रात्री वाऱ्यावर टाकलं तरी पुरतं. फवारणीच्या वेळी घातलेलं थर्मल मात्र त्याच दिवशी आणि घरच्या कपड्यांपासून वेगळं धुवा.

सिंथेटिक उलटं करून धुवा आणि सॉफ्टनर घालू नका, त्याचा थर बसला की घाम पसरायचा थांबतो. धुतल्यावर आतल्या बाजूला पाण्याचा थेंब टाकून बघा. तो लगेच पसरला तर कापड ठीक आहे. गोळा होऊन बसला तर सॉफ्टनर न घालता दोन वेळा धुवा. कडक उन्हात आणि इस्त्रीखाली इलॅस्टेन मरतं, म्हणून इस्त्री नकोच.

होळीच्या सुमारास थर्मल कपाटात जातात, तेव्हा एकदा घातलेलं मेरिनोही न धुता ठेवू नका. कसर घाम आणि अन्नाचे डाग लागलेल्या लोकरीवर आधी येते. पूर्ण वाळल्यावर तोंड बंद होणाऱ्या पिशवीत घाला. डांबर गोळ्या ठेवायच्या तर कापडात गुंडाळून, लोकरीला थेट न टेकवता, आणि घालण्याआधी कपडा दोन दिवस वाऱ्यावर ठेवा. पावसाळ्यात एकदा उघडिपीचा दिवस बघून पिशव्या उघडा. पुढच्या दिवाळीनंतर कपडे बाहेर काढताना कोपर, बसायची जागा आणि मोज्याच्या टाचा खिडकीच्या उजेडाकडे धरा. जिथून उजेड आरपार येतो तिथली ऊब संपलेली असते. मोज्याचे आतले फासे चेपून सपाट झाले असतील तर भोक पडायची वाट न बघता तो जोड घरात वापरायला काढा आणि बुटासाठी नवा घ्या.